न मिळणाऱ्या व्यक्तीची ओढ: रूपाची भूल कोणती आणि टिकणारी आस्था कोणती, हे कसे ओळखावे?

शिरोलीकर (धागाकर्ता) | १४ सप्टेंबर

नमस्कार. माझे वय २९ आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या डिझाइन विभागात मी नोकरी करतो आणि संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या एका हौशी नाट्यसंस्थेची प्रकाशयोजना सांभाळतो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी यंदा बसवत असलेल्या नाटकात जुलैपासून एक नवी अभिनेत्री आली आहे. पहिल्या आठवड्यापासूनच मी तिच्याकडे ओढला गेलो आणि ती ओढ दोन महिन्यांत कमी होण्याऐवजी वाढली आहे. तिचा साखरपुडा झालेला आहे, लग्न फेब्रुवारीत आहे आणि ती त्यात आनंदी आहे हे तिच्या बोलण्यातून सहज कळते. मी तिला काही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. तो प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे.

माझी अडचण निराळी आहे. घरच्यांनी जयसिंगपूरचे एक स्थळ पाहिले असून दिवाळीनंतर आम्हाला तिकडे जायचे आहे. माझे हे आकर्षण केवळ रूपाचे असेल, तर ते ओसरेल असे समजून मी मोकळ्या मनाने जाऊ शकेन. पण मला त्या व्यक्तीतच काही मोलाचे दिसले असेल, तर ते काय आहे हे समजून घेतल्याशिवाय दुसऱ्या मुलीसमोर जाऊन बसणे मला अन्यायाचे वाटते. जिला जवळून ओळखण्याची संधीच मिळणार नाही, तिच्याविषयीच्या ओढीचा हा निवाडा माणसाने कसा करावा?

पेठेतले आबा | १४ सप्टेंबर

बाळ, साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. आमच्या वेळी मोडलेले साखरपुडे आणि नंतर झालेले चांगले संसार मी दोन्ही पाहिले आहेत. तिच्या मामांकडून किंवा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून शब्द टाकून पाहावा. मनात ठेवून कुढण्यापेक्षा एकदा विचारलेले बरे.

शिरोलीकर | १४ सप्टेंबर

आबा, आपण आपुलकीने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. परंतु ती मिळावी कशी, हा माझा प्रश्नच नाही. तिने आपला जोडीदार निवडला आहे आणि त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. मला फक्त माझ्या मनात नेमके काय चालले आहे ते जाणून घ्यायचे आहे.

मनोवाचक | १५ सप्टेंबर

मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. याचे उत्तर काळ देतो, असे माझे मत आहे. डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन अभ्यासिकेने १९७९ साली अशा झपाटलेल्या ओढीला ‘लिमरन्स’ हे नाव दिले आणि ती साधारण दीड ते तीन वर्षे टिकते असे मांडले. म्हणजे तीन वर्षांच्या आत ओसरले तर ती भूल आणि तीन वर्षांनंतरही टिकले तर ते प्रेम, असा हिशेब करता येतो. आपल्याला अजून दोनच महिने झाले आहेत, त्यामुळे आज काहीच सांगता येणार नाही.

गंगावेस | १५ सप्टेंबर

मनोवाचक, तुमचा हिशेब माझ्या आयुष्याशी जुळत नाही, म्हणून लिहिते.

मी आता ५४ वर्षांची आहे. महाविद्यालयात असताना आम्हाला शिकवायला एक तरुण प्राध्यापक आले होते. ते विवाहित होते, त्यामुळे पुढचा काही विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांचा चेहरा आणि खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत बोलण्याची त्यांची ढब माझ्या मनात अकरा वर्षे राहिली. तीन नव्हे, अकरा. मधल्या काळात माझे लग्न झाले, मुलगी झाली, तरी एखाद्या रिकाम्या दुपारी मन तिथेच जायचे. मी त्यालाच खरे प्रेम समजत होते, कारण ते टिकले होते.

मग एक दिवस कपिलतीर्थ मंडईत ते पिशवी घेऊन मेथी निवडताना दिसले. मी ओळख दिली, त्यांनीही आठवणीने चौकशी केली, दहा मिनिटे आम्ही बोललो. घरी येताना माझ्या लक्षात आले की या माणसाविषयी मला काहीच माहीत नाही. त्यांना कशाचा राग येतो, ते कोणाला जपतात, वर्गाबाहेर काय वाचतात, यांतले एकही उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि अकरा वर्षांत ते प्रश्नही मला पडले नव्हते. मी ज्याच्याशी मनात बोलत होते, तो माणूस मीच तयार केलेला होता. मेथीच्या जुडीतली पिवळी पाने काढून टाकणाऱ्या त्या सज्जन गृहस्थाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या आठवड्यानंतर ती ओढ पुन्हा आली नाही.

अनुबंध | १६ सप्टेंबर

मी गेली वीस वर्षे कोल्हापुरात समुपदेशनाचे काम करते. गंगावेस ताईंचा अनुभव या विषयाच्या अगदी गाभ्याशी जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मनोवाचक यांनी दिलेला कालावधी बरोबर आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. टेनॉव्ह यांच्याच मांडणीनुसार ही ओढ दोन गोष्टींवर जगते. एक म्हणजे थोडीशी आशा आणि दुसरी म्हणजे अनिश्चितता. समोरच्याने पूर्ण होकार दिला तर ती हळूहळू निवते आणि आशेचा शेवटचा धागा तुटला तरी ती उपासमारीने मरते. जिथे होकार मिळणार नाही आणि नकारही कधी ऐकावा लागणार नाही, अशा ठिकाणी ती कितीही वर्षे जगू शकते. न मिळणारी व्यक्ती नेमकी याच ठिकाणी उभी असते. त्यामुळे अशा प्रकरणात टिकाऊपणा हा पुरावा धरता येत नाही. अकरा वर्षे टिकण्याचे कारण त्या प्राध्यापकांचे गुण नव्हते, तर त्यांच्यापर्यंत कधीही न पोहोचलेला प्रश्न होता.

अनिश्चितता ओढ वाढवते, हे प्रयोगातही दिसले आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, काही विद्यार्थिनींना सांगितले गेले की अमुक तरुणांना तुम्ही खूप आवडलात. काहींना सांगितले की तुम्ही त्यांना बेताच्याच आवडलात आणि काहींना सांगितले की खूप की बेताच्या, हे ठरलेले नाही. या तिसऱ्या गटातल्या मुलींना ते तरुण सर्वांत जास्त आवडले आणि त्यांच्याच मनात त्या तरुणांचे विचार सर्वांत जास्त आले. तरुण मात्र सगळ्यांना तेच दाखवलेले होते. म्हणजे विचार किती येतात यावरून समोरची व्यक्ती किती मोलाची आहे हे कळत नाही.

शिरोलीकर, मग मी काय पाहते ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे, तिच्याविषयी मनात जे प्रसंग रंगतात ते कुठे संपतात, ते पाहा. रूपाच्या भुलीत प्रसंग बहुधा एकाच जागी येऊन थांबतो: ती वळून बघते, तिला सगळे समजते, ती मान्य करते. तिथून पुढे चित्र जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरी गोष्ट म्हणजे, तिच्याविषयी तुमच्या चित्राशी न जुळणारे काही कळले, तर त्याचे तुम्ही काय करता? इथे थोडे सावध राहावे लागते. ‘मला तिचे दोषही माहीत आहेत’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. दोष अशा ओढीतही दिसतात, फक्त ते गोड वाटतात किंवा त्यांचे वजन शून्य होते. ज्या दोषामुळे तुमचे मत खरोखर थोडे बदलले, असा एक तरी दोष सांगता येतो का, हा खरा प्रश्न आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक साधी वही करायला सांगते. डाव्या पानावर तारीख घालून त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलेले किंवा ऐकलेले लिहायचे आणि उजव्या पानावर त्यावरून स्वतः धरलेला अर्थ लिहायचा. ‘ती पाच मिनिटे लवकर आली’ हे डावीकडे आणि ‘ती शिस्तीची आहे’ हे उजवीकडे. सहा आठवडे पुरतात. मध्ये मागचे वाचायचे नाही.

कॅमेरेवाला | १६ सप्टेंबर

मी पंचवीस वर्षे लग्नाचे फोटो काढतो आहे. शिरोलीकर, मला एकच विचारायचे आहे. तुम्हाला ती आवडू लागली, ती तुमच्या प्रकाशात पाहिल्यावर की आधी?

शिरोलीकर | १७ सप्टेंबर

या प्रश्नावर काल रात्री मी बराच वेळ विचार केला. पहिले दोन दिवस वाचन झाले. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली सतरंजीवर बसलो होतो आणि खरे सांगायचे तर मला तिचा चेहरा त्या दिवसांतला आठवत नाही. आठवतो तो चौथ्या दिवसाचा. तिच्या दुसऱ्या प्रवेशासाठी मी समोरून दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत स्पॉट लावले होते, एका बाजूला ॲम्बर जिलेटिन घातले होते आणि डिमर हळूहळू वर नेत होतो. ती मान वर करते आणि उजेड तिच्या गालावर येतो, तो क्षण माझ्या मनात कोरला गेला आहे.

तशा प्रकाशात डोळ्यांखालच्या सावल्या भरून निघतात आणि कोणाचाही चेहरा मऊ दिसतो, हे मला माझ्या कामातून माहीत आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये त्याच सावल्या गडद होतात. त्या प्रवेशात तिने हळवे आणि करारी दिसावे, यासाठी मीच तो प्रकाश योजला होता. आपणच तयार केलेल्या परिणामाला आपण बळी पडलो असू, ही शक्यता मला आजवर सुचली नव्हती.

वही आजपासून सुरू करतो.

मनोवाचक | १७ सप्टेंबर

कालावधीविषयीची दुरुस्ती मी मान्य करतो. कॅमेरेवाले काका म्हणतात त्याला जोड म्हणून सांगतो. १९७२ साली कॅरन डायन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखवली होती. देखण्या चेहऱ्यांची माणसे स्वभावाने अधिक चांगली असतील, त्यांचे संसार अधिक सुखाचे असतील, त्यांना नोकऱ्याही अधिक चांगल्या मिळतील, असे पाहणाऱ्यांनी ठरवून टाकले. माहिती फक्त चेहऱ्याची होती आणि उरलेले सारे पाहणाऱ्यांनी भरले. म्हणून देखण्या माणसाविषयीचे आपले कोणतेही मत विश्वासार्ह मानू नये, असे मला वाटते.

अनुबंध | १७ सप्टेंबर

इतके टोकाला जाऊ नये. त्याच अभ्यासात देखणी माणसे अधिक चांगले आईबाप होतील, असे मात्र लोकांनी धरले नव्हते. म्हणजे रूपाची झळाळी सगळीकडे सारखी पसरत नाही. रूपापासून सुरू झालेली प्रत्येक ओढ खोटी ठरत नाही. फक्त रूपाने भरलेल्या जागा कोणत्या आणि अनुभवाने भरलेल्या कोणत्या, हे वेगळे करावे लागते.

ताराराणी चौक | १८ सप्टेंबर

मला या वहीविषयी गंभीर आक्षेप आहे. एक मुलगी विश्वासाने तालमीला येते आणि तिच्या नकळत कोणीतरी तारीखवार तिच्या नोंदी ठेवतो, हे तिला कळले तर काय वाटेल? मी स्वतः हौशी रंगभूमीवर काम केले आहे. आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे ही जाणीव फार त्रासदायक असते. शिवाय डावे पान भरण्यासाठी हा माणूस उद्या तिची समाजमाध्यमांवरची खाती धुंडाळू लागेल आणि मैत्रिणींकडे चौकशी करू लागेल. त्यातून ओढ कमी होणार नाही, वाढेलच.

अनुबंध | १८ सप्टेंबर

आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. वही तिच्याविषयी नसून लिहिणाऱ्याच्या समजुतींविषयी असते, त्यामुळे त्यात तिचे नाव लिहायचे नाही आणि सहा आठवड्यांनंतर ती फाडून टाकायची. नेहमीच्या कामात सहज समोर आले तेवढेच नोंदवायचे. मुद्दाम बघायला जायचे नाही, विचारायचे नाही, शोधायचे नाही. खाते उघडून पाहिले, तर ‘मी आज खाते उघडून पाहिले’ ही नोंद स्वतःविषयी करायची. अशा नोंदी वाढू लागल्या तर तेच उत्तर समजावे आणि वही तिथेच थांबवावी.

जुना खतावणीवाला | २० सप्टेंबर

दोन दिवस वाचतो आहे. इथे बहुतेकांचा कल भुलीकडे झुकला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी एका बँकेतून निवृत्त झालो. १९८८ साली शाहूपुरीतल्या शाखेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बाई होत्या. त्या विवाहित होत्या, मीही होतो. त्या अतिशय देखण्या होत्या आणि सुरुवातीला माझे लक्ष त्या देखणेपणानेच वेधले होते, हे मी नाकारत नाही. संगणक यायच्या आधीचे दिवस होते. संध्याकाळी ताळा जुळवताना पाच पैशांचा फरक आला, तर आम्ही पुरुष मंडळी ‘उद्या बघू’ म्हणून उठत असू. बाई मात्र खतावणी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या, पेन्सिलीने प्रत्येक आकड्यावर बारीक टिंब देत जायच्या आणि चूक सापडली की ज्याची असेल त्याला एकट्याला बाजूला बोलावून दाखवायच्या. साहेबांसमोर त्यांनी कधी कोणाची चूक काढली नाही. माझ्याही दोन चुका त्यांनी अशाच झाकल्या.

चार वर्षांनी त्यांची बदली झाली. आज त्यांचा तेव्हाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा म्हटले तरी मला नीट येत नाही. ती पेन्सिलीची टिंबे मात्र जशीच्या तशी दिसतात. पुढे मी शाखाधिकारी झालो, तेव्हा कोणाची चूक चारचौघांत काढली नाही, ती सवय त्यांची आहे. दिवाळीला दोन्ही घरांत फोन होतो आणि माझ्या पत्नीचे त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलणे होते. मी याला कधी प्रेम म्हटले नाही, पण ती भूल नव्हती एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

गंगावेस | २० सप्टेंबर

दादा, तुमची पेन्सिलीची टिंबे आणि माझा खिडकीबाहेर बघणारा चेहरा यांत मला फरक दिसला, तो लिहिते. मला माझे प्राध्यापक कसे दिसत ते आठवते. तुम्हाला बाई काय करीत असत ते आठवते.

मनोवाचक | २१ सप्टेंबर

पण खतावणीवाले काकांना चार वर्षे शेजारी बसायला मिळाले. शिरोलीकरांना फेब्रुवारीपर्यंतच वेळ आहे. ओळखीचा काळ लांबला की रूपाचे वजन घटते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १६७ जोडप्यांच्या अभ्यासात दिसले होते. भेटल्यानंतर लगेच एकत्र आलेली जोडपी दिसण्यात एकमेकांच्या बरीच तोलाची होती. आधी बराच काळ नुसती ओळख असलेल्यांत मात्र तो तोल फारसा दिसला नाही. थोडक्या सहवासात हे घडेल का, हे मला ठरवता येत नाही.

जुना खतावणीवाला | २१ सप्टेंबर

पाच पैशांचा पहिला फरक मी दुसऱ्याच आठवड्यात पाहिला होता. वेळ लागतो हे खरे, पण काय पाहतो यालाही महत्त्व आहे.

शिरोलीकर | १ नोव्हेंबर

सहा आठवडे पूर्ण झाले. काल रात्री रंकाळ्यावर जाऊन बसलो आणि वही पहिल्यांदा सलग वाचली. जे आढळले ते जसेच्या तसे लिहितो.

एकूण ४१ नोंदी झाल्या. त्यांतल्या २६ नोंदींत उजवे पान भरलेले आहे आणि डाव्या पानावर एखादाच शब्द आहे किंवा काहीच नाही. उदाहरणार्थ, एका दिवशी डावीकडे ‘चहा घेताना गप्प होती’ एवढेच आहे आणि उजवीकडे तिच्या एकाकीपणाविषयी अकरा ओळी आहेत. दुसऱ्या दिवशी तिनेच सहज सांगितले होते की दाढ दुखत होती. ते मी ऐकले, हसलो आणि वहीत लिहिलेच नाही. काल वाचताना ती गाळलेली नोंद आठवली आणि मला फार वाईट वाटले.

उरलेल्या १५ नोंदींपैकी नऊ दिसण्याविषयी आहेत आणि त्यांतल्या सात एकाच प्रवेशाच्या, माझ्या ॲम्बर प्रकाशातल्या आहेत. ताराराणी चौक ताईंनी सांगितलेली भीतीही अगदीच खोटी ठरली नाही. मी एकदा तिचे खाते उघडून पाहिले आणि अनुबंध यांच्या सूचनेप्रमाणे स्वतःच्या नावाने तशी नोंद केली. पुन्हा उघडले नाही.

राहिल्या सहा नोंदी. त्यांतली एक अशी आहे की नेपथ्य उचलणाऱ्या मुलाकडून फळी पडली, तेव्हा ती त्याला सगळ्यांसमोर टाकून बोलली. उजवीकडे मी ‘थकली असेल’ असे लिहिले आहे. आज तेच वाचताना मला खतावणीवाले काकांच्या बाई आठवल्या आणि माझे मत थोडे बदलले. अनुबंध यांनी विचारलेला, वजन असलेला दोष बहुधा हाच.

दुसऱ्या पाच नोंदी मोडीच्या आहेत. ती मोडी लिपी शिकते आहे. एकदा संहितेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने आधी पानभर आडवी रेघ ओढली आणि मग त्या रेघेला अक्षरे टांगत, हात न उचलता, एक ओळ लिहून दाखवली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्यात पाळत नाहीत, त्यामुळे शब्द कोणता हे संदर्भावरूनच ओळखावे लागते, हे तिने आम्हा सगळ्यांना समजावले. हे मला इतके आवडले की आमच्या घरातल्या पेटीत आजोबांच्या वडिलांची मोडीतली काही कागदपत्रे आहेत, ती मी बाहेर काढली आणि रविवारच्या एका मोडी वर्गात नाव घातले. ती त्या वर्गाला येत नाही आणि मी जातो हे तिला माहीतही नाही. चार रविवार झाले. त्या दीड तासात मला तिची आठवण फारशी होत नाही. कालच ‘बिघे’ हा शब्द स्वतः लावला.

आता माझा गोंधळ असा आहे की या पाच नोंदी कोणत्या बाजूला धरायच्या?

कॅमेरेवाला | १ नोव्हेंबर

सात नोंदी एकाच प्रवेशाच्या निघाल्या, एवढ्यावरच माझ्यापुरते उत्तर मिळाले.

ताराराणी चौक | २ नोव्हेंबर

आधी हे सांगते की खाते पाहिल्याची गोष्ट आपण लपवली नाही, याचा मला आदर वाटतो. मोडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. ती आस्था लिपीविषयीची आहे, तिच्याविषयीची नाही. ती नसतानाही आपण तिथे रमता, याचा अर्थ तिची आता गरज उरलेली नाही. एखाद्याने आपल्याला गावाची वाट दाखवली, म्हणून गावावरचे प्रेम हे त्या माणसावरचे प्रेम ठरत नाही.

जुना खतावणीवाला | २ नोव्हेंबर

मी आदराने असहमत आहे. माणसाविषयीची आस्था म्हणजे तो ज्याला जीव लावतो त्याविषयीची आस्था नाही, तर दुसरे काय? चेहऱ्याची ओढ चेहरा दूर गेला की उपाशी राहते. जी गोष्ट त्या माणसाकडून आपल्याकडे येऊन आपलीच होते, तिला उपासमार नसते. शिरोलीकरांना तिच्यात एक गोष्ट खरी दिसली, असे मी म्हणेन. एकच दिसली, पण दिसली.

अनुबंध | २ नोव्हेंबर

या दोघांत मी निवाडा देणार नाही, कारण माझ्या अनुभवात दोन्ही प्रकारची माणसे आली आहेत. ४१ पैकी २६ जागी माणूस नव्हता आणि नऊ जागी प्रकाश होता, एवढे वहीवरून निश्चित म्हणता येते. उरलेल्या सहांत एक कठोर शब्द आणि एक सुंदर छंद आहे. एखाद्या परिचित व्यक्तीविषयी आपल्याला साधारण एवढेच माहीत असते. म्हणजे ती आता परिचित व्यक्तीच्या आकाराची झाली आहे.

जयसिंगपूरविषयी मात्र मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण मूळ प्रश्न तिथे होता. टेनॉव्ह यांनी या ओढीचा तिसराही शेवट सांगितला आहे. ती एका व्यक्तीवरून उठून जशीच्या तशी दुसऱ्या व्यक्तीवर जाऊन बसते. आधीची ओढ संपली म्हणून माणसाला हायसे वाटते, पण उजवे पान तेच राहते, फक्त नाव बदलते. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी तयार होऊन, दागिने घालून, सगळ्यांच्या नजरांसमोर येते. तोही एक प्रकारे रंगमंचच असतो. तिथे तुम्हाला एकदम फार आवडले किंवा तुलना होऊन अजिबात आवडले नाही, तरी त्या दिवशी होकार किंवा नकार देऊ नका. दोन्ही वेळा माहिती चेहऱ्यापुरतीच असेल.

पेठेतले आबा | ३ नोव्हेंबर

पहिल्या दिवशी मी प्रश्न समजून न घेता सल्ला दिला, त्याबद्दल मला खेद वाटतो. आता एक सुचवतो. घरच्यांना सांगून दुसरी भेट बाहेर ठरवा, दिवसाउजेडी, कुठेतरी चालत बोलता येईल अशा जागी. माझ्या धाकट्या मुलाने तसे केले होते आणि सूनबाईंनी त्याच भेटीत त्याला तीन प्रश्न असे विचारले की त्याला घरी येऊन विचार करावा लागला. मुलीलाही पाहायचे असते, ही गोष्ट आम्ही वडीलधारी विसरतो.

शिरोलीकर | १७ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. वही फाडून टाकली आहे.

काल जयसिंगपूरला जाऊन आलो. बैठकीच्या खोलीत डोक्यावर ट्यूबलाइट होता. मुलगी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवणक्षमता तपासते. शंभर-शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी निरोगी कोंब मोजतात. किती टक्क्यांच्या खाली आले तर बियाणे नापास करायचे, हे मी विचारले. तिने पिकागणिक आकडे निराळे असतात असे सांगून सोयाबीनचा ७० सांगितला, आणि एखाद्या शेतकऱ्याचे घरचे बियाणे ६८ वर आले की तिला काय वाटते, तेही सांगितले. तुलना झाली नाही असे मी म्हणणार नाही. दोन वेळा झाली. पण त्या दोन्ही वेळा मनात आला तो ॲम्बर प्रकाशातला चेहरा होता, मोडीची ओळ आली नाही, हे माझ्या लक्षात आले.

होकार किंवा नकार दिलेला नाही. आबांनी सांगितल्याप्रमाणे दुसरी भेट पुढच्या रविवारी दुपारी नृसिंहवाडीच्या घाटावर ठरली आहे, मोडीचा वर्ग सकाळी असतो. ताराराणी चौक ताई आणि खतावणीवाले काका यांच्यात कोण बरोबर, ते मला अजून ठरवता आलेले नाही.